नऊवारीतली मिकू: चित्रात मूळ किती, चित्रकाराचं किती?

दिवाळीच्या सुट्टीत भाचीने फोन पुढे केला. "मामा, ही हात्सुने मिकू. पण ही खरंच सावळी आहे का? वर्गात भांडण झालं. एक जण म्हणतो, हे चित्र चुकीचं आहे."

हात्सुने मिकू म्हणजे जपानमधलं एक काल्पनिक गायिकेचं पात्र. चित्र सुरेख होतं. निळसर हिरव्या केसांची मुलगी, दोन लांब पोनीटेल, त्यांच्या मुळाशी गजरे. अंगात काळी चंद्रकळा, नऊवारी नेसलेली, काठ आणि पदर निळसर हिरवे. कानाला हेडसेट, नाकात नथ, कपाळावर चंद्रकोर. उजव्या दंडावर गोंदलेलं '०१'. पायात कोल्हापुरी. आणि हातात, तलवार धरावी तशी, कांद्याची पात.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये अशा चित्रांची लाट आली होती. सुरुवात ब्राझीलच्या मिकूपासून झाली आणि मग देशोदेशीच्या चित्रकारांनी आपापल्या मुलखातली मिकू काढली. भारतातल्यांनीही काढल्या. लाट ओसरली, पण चित्रं फिरतच राहिली आणि त्यांच्याबरोबर भाचीचा प्रश्नही. यातलं मूळ पात्राचं काय, आणि चित्र काढणाऱ्याने आपल्या मनाने काय घातलं?

प्रश्न दिसतो तितका पोरकट नाही. तो सोडवायची एक रीत आहे, आणि मिकूइतकं चांगलं उदाहरण त्यासाठी शोधून सापडणार नाही.

आधी मूळ म्हणजे काय ते ठरवू

पात्र कसं दिसतं हे पहिल्यांदा ठरवणारं चित्र म्हणजे त्याची मूळ रचना. एखाद्या चाहत्याने त्या पात्राचं स्वतः काढलेलं चित्र म्हणजे फॅन आर्ट. सगळी गोष्ट या दोन शब्दांवर भागते.

मिकू ही मुळात सिनेमातली किंवा कॉमिकमधली नायिका नाही. ती गाणं 'गाणाऱ्या' एका सॉफ्टवेअरचा चेहरा आहे. यामाहाच्या व्होकॅलॉइड २ या तंत्रावर जपानमधल्या साप्पोरो शहरातल्या क्रिप्टन फ्यूचर मीडिया या कंपनीने ते बनवलं. ३१ ऑगस्ट २००७ रोजी ते बाजारात आलं. आवाज साकी फुजिता या अभिनेत्रीचा, आणि खोक्यावरचं चित्र केई या चित्रकाराचं.

त्या चित्रात काय आहे, तेवढंच नीट पाहू. घोट्यापर्यंत पोचणारे दोन पोनीटेल, ते धरून ठेवणाऱ्या काळ्या-लालसर चौकटी, हेडसेट, बिनबाह्यांचा राखाडी शर्ट, निळसर हिरवा टाय, खांद्यापासून सुट्या असलेल्या काळ्या बाह्या, काळा चुण्यांचा आखूड स्कर्ट आणि त्याला निळसर हिरवी किनार, मांडीपर्यंतचे काळे बूट. डाव्या दंडावर, खांद्याच्या जरा खाली, लाल रंगात '01'. कपड्यांवरचे रंग आणि बटणांसारखे तुकडे आले यामाहाच्या डीएक्स-७ या १९८३ च्या सिंथेसायझरवरून. म्हणजे मुलीला एका वाद्याचा पोशाख चढवलाय म्हणा ना.

चित्राबरोबर कंपनीने लिहून दिलं ते अगदी थोडं: वय १६, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ४२ किलो, तिला कुठल्या प्रकारची गाणी, कुठली लय आणि कुठली पट्टी शोभते, एवढंच. आईवडील नाहीत, गाव नाही, स्वभाव नाही, गोष्ट तर नाहीच. मूळ किती मोठं आहे हे कळल्याशिवाय त्यात कुणी काय मिसळलं ते सांगता येत नाही, आणि इथे ते मूळ बरंच लहान आहे.

पण मूळ एकच आहे का?

इथेच पहिला घोळ होतो. क्रिप्टनने २०१३, २०१६ आणि २०२० मध्ये मिकूच्या नव्या आवृत्त्या आणल्या. त्यांच्यावरची चित्रं केईची नाहीत. दुसऱ्या चित्रकाराने तोच पोशाख नव्या वळणाने काढला. शिवाय साप्पोरोच्या बर्फ महोत्सवासाठी २०१० पासून 'स्नो मिकू' निघते. तिचा पोशाख दरवर्षी नवा असतो, आणि पुढे पुढे तर तो चाहत्यांनी पाठवलेल्या रेखाटनांतून निवडला जाऊ लागला.

म्हणजे स्नो मिकूचा पोशाख अधिकृत आहे, तरी त्याची कल्पना एका चाहत्याची असू शकते. अधिकृत आणि मूळ हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. ते वेगळे ठेवले की निम्मे वाद तिथेच मिटतात. मूळ म्हणजे सगळ्यात आधीचं. अधिकृत म्हणजे मालकाने मान्य केलेलं, मग ते आधीचं असो वा कालचं.

म्हणून समोर फॅन आर्ट आलं की पहिला प्रश्न असा विचारायचा: चित्रकारासमोर कुठली मिकू होती? एखाद्याने पांढरा झगा आणि फिकट निळे केस काढले असतील आणि आपण २००७ च्या खोक्याशी ताडून म्हणालो, "काय हे, सगळंच बदललं!", तर चूक आपली. त्याने कदाचित स्नो मिकू अगदी प्रामाणिकपणे उतरवली असेल.

विठोबा कशावरून ओळखतो आपण?

पंढरपूरची मूर्ती अनेकांनी जन्मात एकदाच, तीही दोन सेकंद पाहिलेली असते. तरी कुणी टी-शर्टवर चार रेषांत विठोबा काढला तर तो लगेच ओळखू येतो. दोन्ही हात कमरेवर, पाय जुळवून विटेवर ताठ उभा, झालं. चेहरा हसरा करा, रंग जांभळा करा, नाकडोळे काढूच नका, चालतं. पण हात कमरेवरून काढून आशीर्वादाला वर केले की विठोबा गेला. मग तो दुसरा कुणीतरी देव आहे.

प्रत्येक घडवलेल्या पात्रात अशा दोन-चार गोष्टी असतात. त्यांना ओळखखुणा म्हणू. मिकूच्या ओळखखुणा म्हणजे निळसर हिरवा रंग आणि दोन लांब पोनीटेल. बाकीचं पुष्कळ काही काढून घेता येतं. म्हणूनच देशोदेशीच्या चित्रकारांना तिचे कपडे, वर्ण, दागिने बदलता आले आणि तरी ती मिकूच राहिली. खात्री करायची तर चित्र मनातल्या मनात पूर्ण काळं करा, फक्त बाहेरची आकृती ठेवा. दोन शेपट्या दिसल्या की जाणकार नाव सांगतोच.

मात्र ओळखखूण आणि मूळ रचना एक नव्हे. टाय हा मूळ रचनेचा भाग आहे, पण ओळखखूण नाही. तो गाळला तरी कुणाचं अडत नाही. आणि आता उलटा प्रकार बघा. एखादी गोष्ट ओळखखूण होऊन बसते, पण मूळ रचनेत ती मुळीच नसते.

कांद्याच्या पातीची गोष्ट

भाचीला विचारलं, "हिच्या हातात पात का?" ती म्हणाली, "मिकूच्या हातात असतेच ना! ते ओरिजिनलच आहे."

नाही. केईच्या चित्रात पात नाही.

२००६ मध्ये इंटरनेटवर एक छोटं चलचित्र गाजत होतं. 'ब्लीच' या जपानी मालिकेतली एक मुलगी हातातली पात गरागरा फिरवतेय आणि मागे लोइतुमा या फिनलंडच्या गटाने गायलेलं एक फिनिश गाणं वाजतंय. मिकू बाजारात आल्यावर काही दिवसांतच, सप्टेंबर २००७ मध्ये, एका चाहत्याने तेच गाणं मिकूच्या आवाजात करून घेतलं आणि सोबतच्या चित्रात गुटगुटीत, मोठ्या डोक्याची मिकू तीच पात फिरवताना दाखवली. गंमत लोकांना इतकी आवडली की पात मिकूला चिकटली ती कायमची. त्या गुटगुटीत रूपाला 'हाचुने मिकू' हे नाव पडलं, आणि पुढे क्रिप्टननेही ते आपलं म्हटलं.

(मिकूच्या हातातली पात म्हणजे खरं तर जपानी नेगी, आपली कांद्याची पात नव्हे. नेगीचा पांढरा दांडा जाड आणि लांब असतो. पण मराठीत त्यातल्या त्यात जवळचं तेच.)

तेव्हा चित्रातली ती पात मूळ रचनेतून आलेली नाही आणि या चित्रकाराचीही नाही. ती चाहत्यांच्या रूढीतून आली. मूळ आणि चित्रकार एवढेच दोन कप्पे केले तर पात कुठे टाकावी ते कळत नाही. तिसरा कप्पा लागतोच. आपल्याकडेही हे होतं. लग्नात एखादा विधी पोथीत नसतो, घरच्यांनीही शोधून काढलेला नसतो, पण सगळे करतात म्हणून तो शास्त्रात आहे असंच सगळ्यांना वाटतं.

"सगळे असंच काढतात, म्हणजे ते मूळच असणार" या युक्तिवादाचं उत्तर या पातीत आहे. हजार चित्रं एकमेकांसारखी असली तरी ती एकमेकांवरून काढलेली असू शकतात. पुरावा एकच: सगळ्यात आधीचं चित्र. शोध घेतल्यावर वर जे येतं ते सगळ्यात आधीचं असेलच असं नाही. बहुतेक वेळा ते सगळ्यात लोकप्रिय असतं.

रंगाचंही असंच. मिकूचा रंग म्हणून चाहते `#39C5BB` हा संगणकी रंगाचा क्रमांक सर्रास वापरतात. त्यातल्या सुरुवातीच्या ३ आणि ९ या आकड्यांचा जपानीत उच्चार मी-कू असाही होतो. गंमत म्हणून झकास आहे. पण कुणाच्या चित्रातला हिरवा या क्रमांकाशी जुळत नाही म्हणून 'रंग चुकला' म्हणणं म्हणजे रूढीच्या फुटपट्टीने मूळ मोजणं झालं.

आता नऊवारीतल्या मिकूकडे

एक एक गोष्ट घेऊ. दोन पोनीटेल, त्यांचा रंग आणि हेडसेट सरळ २००७ च्या चित्रातून आले. यात वाद नाही. नथ, चंद्रकोर आणि कोल्हापुरी मूळ चित्रात नाहीत, रूढीतही नाहीत. ती या चित्रकाराची भर.

साडीजवळ मात्र थांबायला हवं. घाईत आपण म्हणू, "साडी चित्रकाराची." खरंय, पण साडीचा रंग? काळ्या कापडाला निळसर हिरवी किनार ही मूळ स्कर्टची जोडी आहे. चित्रकाराने ती चंद्रकळेत आणून बसवली. वस्त्र बदललं आणि रंगांचा हिशेब जपला. चौकटींच्या जागी गजरे आले तेही असंच. केस बांधण्याचं काम आणि त्याची जागा मूळची, वस्तू नवी. अशा बदलाला मी भाषांतर म्हणतो. नथ ही भर आहे, चंद्रकळा हे भाषांतर आहे. भाषांतरात मूळ वाक्य अजून ऐकू येतं.

दंडावरच्या '०१' ने मला जास्त वेळ घेतला. मूळ खूण डाव्या दंडावर आहे. इथे ती उजव्या दंडावर. पहिली शंका अशी की चित्र उलटं फिरवलेलं असेल. आरशातल्यासारखी उलटलेली चित्रं सगळीकडे फिरत असतात. ते पडताळायला दोन गोष्टी पाहिल्या. एक, अक्षरं. चित्र उलटलं असतं तर शून्य आणि एक यांची जागा बदलली असती आणि 'एक'ची शेपटीही उलट्या बाजूला गेली असती. इथे अंक सरळ वाचता येत होता. दोन, पदर. तो डाव्या खांद्यावर होता, जिथे असायला हवा तिथेच. म्हणजे चित्र सरळ आहे आणि खूण मुद्दाम हलवली आहे.

का? उत्तर पदरातच होतं. डाव्या खांद्यावरून पदर उतरला की डावा दंड बराचसा झाकला जातो. खूण तिथे ठेवली असती तर दिसलीच नसती. मग ती उजवीकडे आली. शिवाय लाल छापाऐवजी ती हिरव्या गोंदणाची झाली आणि अंक देवनागरी झाले. मला तरी ही चित्रातली सगळ्यात हुशार जागा वाटली.

मग ती सावळी का?

वर्गातलं भांडण यावरून होतं, म्हणून जरा सावकाश.

वर्ण वेगळा दिसला की आधी प्रकाश तपासायचा. संध्याकाळच्या उन्हात काढलेल्या चित्रात सगळंच तांबूस होतं. खूण अशी की चित्रात जे पांढरं असायला हवं ते शोधायचं, इथे गजऱ्यातली फुलं. तीही तांबूस असतील तर सगळ्या चित्रावर रंगीत उजेड आहे आणि त्वचेचा रंग त्यातून वजा करून वाचावा लागेल. इथे फुलं स्वच्छ पांढरी होती. म्हणजे सावळा वर्ण उजेडाने आलेला नाही, चित्रकाराने निवडलेला आहे.

आता मूळशी ताडू. केईच्या चित्रातली मिकू गोरी आहे. कंपनीने दिलेल्या त्या छोट्या यादीत वर्णाचा उल्लेख नाही. तेव्हा अचूक उत्तर असं: मूळ चित्रात ती गोरी आहे, या चित्रात चित्रकाराने तिला सावळी केलं आहे. भाचीच्या 'खरंच सावळी आहे का' या प्रश्नाचं उत्तर 'नाही'. पण तिच्या वर्गमित्राच्या 'चित्र चुकीचं आहे' या म्हणण्याचं उत्तरही 'नाही'. चूक तेव्हा झाली असती, जेव्हा चित्रकाराने ते मूळ चित्र म्हणून दाखवलं असतं. ख्यालाची बंदिश एकाची असते, त्यावरचे आलाप गाणाऱ्याचे. आलाप बंदिशीत लिहिलेले नव्हते म्हणून गवई चुकला असं कुणी म्हणत नाही. मात्र त्याने आलाप बंदिशकाराच्या नावावर खपवले तर ते चूकच.

शैली म्हणजे बदल नव्हे

इथे बरेच जण एक चूक करतात. डोळे मोठे, नाक म्हणजे एक टिंब, बोटं लांबसडक, रेषा जाड, असं दिसलं की तेही बदलाच्या यादीत टाकतात. ही चित्रकाराच्या हाताची लकब आहे. तोच चित्रकार उद्या दुसरं पात्र काढेल तेव्हा तेच डोळे आणि तीच बोटं असतील. त्याची आणखी चार चित्रं पाहिली की कळतं. जे सगळ्या पात्रांत सारखं येतं ती शैली, आणि जे फक्त या पात्रासाठी ठरवलं तो बदल.

तसंच न दिसणाऱ्या गोष्टींचं. चित्र कमरेपर्यंतच असेल तर 'बूट गाळले' म्हणता येत नाही. आणि मूळ चित्रात जी बाजू दिसतच नाही, तिथे चित्रकाराला काहीतरी कल्पावंच लागतं. त्याने मूळला धक्का लावलेला नसतो, रिकामी जागा भरलेली असते.

एवढी चिरफाड कशासाठी?

गंमत म्हणून चित्र पाहायचं असेल तर अजिबात करू नका. गरज पडते ती पुढे. कुणी या चित्रावरून कॉस्प्लेचा, म्हणजे पात्राच्या वेशभूषेचा, पोशाख शिवून घेतला आणि खाली फक्त 'मिकू' लिहिलं, तर चंद्रकळेची कल्पना ज्याची त्याचं नाव पुसलं गेलं. उलट चित्रकाराने 'हे पात्र माझं' म्हटलं तर केई आणि क्रिप्टन पुसले गेले. कुणी चित्र टी-शर्टवर छापून विकायला काढलं तर विचारायची दारं दोन, पात्रासाठी कंपनीचं आणि चित्रासाठी चित्रकाराचं. क्रिप्टनने चाहत्यांना बरीच मोकळीक दिली आहे, २०१२ मध्ये मूळ चित्रंही खुल्या परवान्यात आणली. पण ती मोकळीक विनाव्यापार वापरासाठी आहे, दुकानासाठी नाही.

भाचीला मी चित्राखाली लिहायला एक ओळ सांगितली: "हात्सुने मिकू, मूळ रचना केई, २००७. नऊवारी, दागिने, वर्ण आणि देवनागरी गोंदण ही या चित्रकाराची कल्पना. हातातली पात चाहत्यांच्या रूढीतली." आणि पुढे चित्रकाराचं नाव.

तिने लिहून घेतलं, मग चित्राकडे परत पाहिलं. "मामा, टाय कुठे गेला?"

निळसर हिरवा टाय मूळ चित्रात बरोबर छातीवर उतरतो. इथे छातीवरून तिरका जातो तो त्याच रंगाचा पदर. टाय गाळला म्हणायचं, की टायचा पदर झाला म्हणायचं? बाकी सगळं चित्रावरून काढता आलं, हे आलं नाही. भाचीने चित्रकाराला मेसेज केलाय. अजून उत्तर आलेलं नाही.